विमा खर्च निम्मा, वीज खर्च जादा: वर्षअखेरच्या नोंदींत कुठे चुकतंय?

शाईचे_ठिपके
नमस्कार मंडळी. मामांचा छोटा छापखाना आहे. हिशेब लिहिणारे गृहस्थ वर्षाच्या मध्येच सोडून गेले, तेव्हापासून वह्या माझ्याकडे आल्या. रोजच्या नोंदी जमतात, पण वर्षअखेरच्या समायोजन नोंदी पहिल्यांदाच करतेय. वर्ष 31 मार्चला संपतं. तेरीज जुळली आहे आणि नोंदींआधीचा नफा 4,12,000 दिसतोय.

मी दोन नोंदी केल्या. विम्याचा हप्ता 54,750 भरलाय, मुदत 1 नोव्हेंबर ते 31 ऑक्टोबर. म्हणजे रोजचे 150. वर्षअखेरीनंतरचे 214 दिवस उरतात, त्यांचे 32,100 आगाऊ खर्चात टाकले. दुसरी नोंद विजेची. दोन महिन्यांचं बिल 16 फेब्रुवारी ते 15 एप्रिल असं आलं, 23,600 चं. 59 दिवसांचे रोजचे 400, त्यातले 44 दिवस आपल्या वर्षातले, म्हणून 17,600 देणे दाखवले.

या दोन नोंदींनंतर नफा 4,26,500 आला. मामा खूश. पण मला झोप येईना, कारण विमा खर्च फक्त 22,650 दिसतोय. गेल्या वर्षी तो 45,310 होता, आणि यंदा हप्ता तर वाढलाय! उलट वीज खर्च 1,61,600 झालाय, तो जरा जास्तच वाटतो. दिवस तीनदा मोजले. कुठे चुकतंय?

दोन_अधिक_दोन
दिवसांनी कशाला मोजताय? महिन्यांनी करा. नोव्हेंबर ते मार्च पाच महिने, म्हणजे 54,750 चे बारा भाग करून त्यातले पाच घ्या. 22,812 येतील. तुमच्या आणि माझ्या आकड्यात दीडशेचा फरक, म्हणजे तुमची नोंद बरोबरच आहे. आगाऊ भाग वजा झाला की खर्च कमी दिसणारच. गेल्या वर्षी आधीच्या माणसाने आगाऊ भाग काढलाच नसेल, म्हणून जास्त दिसत असेल. निर्धास्त राहा.

शाईचे_ठिपके
नाही, गेल्या वर्षीच्या ताळेबंदात आगाऊ विमा दिसतोय की. 27,820. देणे वीजबिलही आहे, 15,800.

तेरीज_जुळली
तुमची झोप उडाली ते बरंच झालं. दिवस अचूक मोजलेत, त्यात काही चूक नाही. आता एक काम करा. आगाऊ विमा खात्याची आणि देणे वीजबिल खात्याची खतावणी उघडा आणि वर्षभरात त्या दोन खात्यांत काय काय घडलं ते जसंच्या तसं इथे लिहा. खर्चाची खाती राहू द्यात, फक्त ही दोन.

शाईचे_ठिपके
काका, फार काही घडलेलंच नाही.

आगाऊ विमा: 1 एप्रिल, सुरुवातीची बाकी 27,820 नावे. 31 मार्च, माझी नोंद 32,100 नावे. एकूण 59,920 नावे.
देणे वीजबिल: 1 एप्रिल, सुरुवातीची बाकी 15,800 जमा. 31 मार्च, माझी नोंद 17,600 जमा. एकूण 33,400 जमा.

तेरीज_जुळली
आता पहिला आकडा मोठ्याने वाचा. तुमचा आगाऊ विमा 59,920, आणि अख्ख्या वर्षाचा हप्ता 54,750. भरलेल्या हप्त्यापेक्षा उरलेला हप्ता मोठा, असं कधी होईल का? एकच पॉलिसी असताना आगाऊ बाकी हप्त्यापेक्षा मोठी दिसली, तर जुनी बाकी तशीच पडून आहे असं खुशाल समजा.

गेल्या वर्षीचे 27,820 म्हणजे काय, तर गेल्या हप्त्यातला एप्रिल ते ऑक्टोबरचा भाग. ते महिने यंदाच्या वर्षात आले आणि संपले. विमा वापरून झाला, पण पैसे अजून ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसलेत. म्हणून तुमच्या विमा खर्चात नोव्हेंबर ते मार्च एवढे पाचच महिने आहेत. आधीचे सात महिने खर्चात आलेच नाहीत. 22,650 मध्ये 27,820 मिळवा, 50,470 येतात. गेल्या वर्षीचे 45,310 आणि हप्त्यातली वाढ बघता हा आकडा पटतो.

विजेचं नेमकं उलट झालंय. गेल्या एप्रिलमध्ये जे बिल भरलं ते केवढ्याचं होतं आणि कुठल्या खात्याला टाकलं, बघून सांगता?

शाईचे_ठिपके
21,400 चं. मुदत 16 फेब्रुवारी ते 15 एप्रिल. आधीच्या काकांनी सगळंच्या सगळं वीज खर्चाला टाकलंय. त्यानंतरची पाच बिलं मिळून 1,22,600, शेवटचं 15 फेब्रुवारीपर्यंतचं. तेरजेत वीज खर्च 1,44,000 आहे तो असा.

तेरीज_जुळली
झालं तर मग. त्या 21,400 मध्ये गेल्या वर्षाचे 44 दिवस होते. ते गेल्या वर्षाच्या खर्चात 15,800 म्हणून एकदा मोजून झाले होते, यंदा बिलाबरोबर पुन्हा आले. वर तुम्ही या मार्चपर्यंतचे 17,600 घातलेत. म्हणजे यंदाच्या वीज खर्चात मागच्या 16 फेब्रुवारीपासून या 31 मार्चपर्यंतचे 409 दिवस आहेत. वर्ष 365 दिवसांचं आणि बिल 409 दिवसांचं! तुम्हाला आकडा जास्त वाटला तो उगाच नाही.

वर्षाच्या पहिल्या तारखेला दोन उलट नोंदी व्हायला हव्या होत्या. त्या राहिल्या. वह्या अजून बंद केलेल्या नाहीत, तेव्हा याच वर्षाच्या 1 एप्रिलच्या तारखेने आता घाला:

विमा खर्च खाते नावे 27,820
  आगाऊ विमा खात्याला 27,820

देणे वीजबिल खाते नावे 15,800
  वीज खर्च खात्याला 15,800

वीज खर्चाचं खातं आता वर्षाच्या सुरुवातीलाच 15,800 जमा बाकीने उघडेल. विचित्र दिसतं, घाबरू नका. त्यावर 21,400 चं बिल पडलं की 5,600 उरतात, आणि ते एप्रिलच्या पंधरा दिवसांचे. हवा तेवढाच भाग यंदाच्या खर्चात राहिला.

शाईचे_ठिपके
अगंबाई! म्हणजे वीज 1,45,800 आणि विमा 50,470. नफा 4,26,500 वरून 4,14,480. पण काका, 21,400 च्या बिलातले 44 दिवस मोजले तर 15,959 येतात, गेल्या वर्षी 15,800 दाखवलेत. 159 चा फरक कुठे टाकू?

तेरीज_जुळली
कुठेही टाकायचा नाही. गेल्या वर्षी वह्या बंद करताना बिल हातात नसेल, अंदाजाने लिहिलं असेल. अंदाज एवढ्याने चुकतोच, आणि तो फरक आपोआप यंदाच्या खर्चात पडलाय. गेल्या वर्षाचे हिशेब त्यासाठी उघडू नका. हाच फरक पंधरा हजारांचा असता तर मी बसून चौकशी केली असती.

आणि एक बघितलंत का? विम्याच्या चुकीने नफा 27,820 ने फुगला होता, विजेच्या चुकीने 15,800 ने घटला होता. दोन्ही एकमेकींना झाकत होत्या, म्हणून नफ्याकडे बघून काहीच कळलं नसतं. फक्त 12,020 चा फरक. तेरीजही बिनतक्रार जुळत होती, कारण नोंद राहून गेली तर नावे आणि जमा दोन्हीकडून राहते.

दोन_अधिक_दोन
मान्य, जुनी बाकी माझ्या लक्षातच आली नाही. पण उलट नोंदीची ही पद्धत मला उगाच वळसा वाटते. एप्रिलमध्ये बिल भरतानाच ते फोडायचं. 15,800 देणे खात्याला नावे, उरलेले 5,600 खर्चाला. एकाच नोंदीत काम होतं.

तेरीज_जुळली
होतं, आणि चूकही नाही. फक्त एप्रिलमध्ये बिल भरणाऱ्या माणसाला त्या क्षणी आठवावं लागतं की याचा काही भाग आधीच लिहिलेला आहे. इथे नेमकं तेच आठवलं नाही. उलट नोंद पहिल्या तारखेला झाली की पुढे बिल कोणीही, कसंही, खर्चाला टाकलं तरी बरोबरच येतं. माझा अनुभव असा की नोंदी करणारा बदलतो, बिलं यायची थांबत नाहीत.

फर्मा_नंबर_आठ
वाचतोय, छान चाललंय. आमच्याकडे आणखी एक गंमत झाली होती. मार्चचं वाहतुकीचं बिल एप्रिलमध्ये आलं, पण मुलाने ते 31 मार्चच्या तारखेने देणेकऱ्यांत चढवलं. वर ऑडिटच्या आधी मी तेच पुन्हा देणे खर्चात धरलं. देणेकऱ्यांच्या यादीत पार्टीच्या नावाने आणि देणे खर्चात खर्चाच्या नावाने, तेच बिल दोन ठिकाणी. नावं वेगळी म्हणून नजरेतून सुटतं.

वळणवाट
माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना? मी नृत्याचे वर्ग घेते. वर्षाची फी जानेवारीत एकदम घेते, 20 विद्यार्थी, प्रत्येकी 6,000. माझंही वर्ष मार्चला संपतं. वरचं वाचून मी विम्यासारखं नऊ महिन्यांचे 90,000 आगाऊ खर्चात दाखवायचे का? पैसे तर माझ्याकडेच आहेत!

तेरीज_जुळली
चालेल की. पण तुम्ही आरशात उजवा-डावा हात बदललात. विमा कंपनीला पैसे देऊन झालेत आणि सेवा यायची आहे, म्हणून मामांकडे ती मालमत्ता. तुमच्याकडे पैसे येऊन झालेत आणि शिकवणं बाकी आहे, म्हणून ते तुमच्यावरचं देणं. 1,20,000 पैकी जानेवारी ते मार्चचे 30,000 यंदाचं उत्पन्न, 90,000 आगाऊ मिळालेली फी म्हणून देण्यांच्या बाजूला. 1 एप्रिलला तीही उलट नोंद करायची, नाहीतर पुढच्या वर्षी तुमचं उत्पन्न 90,000 ने कमी दिसेल.

वळणवाट
ओह. म्हणजे गेली दोन वर्षं... राहू दे, आधी बघते. धन्यवाद काका.

शाईचे_ठिपके
काका, मी हुरूप येऊन सगळ्याच जुन्या बाक्या उलटवायला निघालेय. ताळेबंदात आणखी एक आहे, "संशयित येण्यांची तरतूद 30,000". तीही 1 एप्रिलला उलटवू ना?

तेरीज_जुळली
थांबा! ती नको. ही कोणासाठी केलेली आहे?

शाईचे_ठिपके
एकाच गिऱ्हाइकासाठी. त्याच्याकडून बरोबर 30,000 येणं होतं, मामांनी आशा सोडली होती. पण सप्टेंबरमध्ये त्याने 12,000 आणून दिले. उरलेले 18,000 येतील असं मामांना अजूनही वाटत नाही.

तेरीज_जुळली
मग शंका 18,000 पुरती उरली. तरतूद 30,000 वरून 18,000 वर आणा, सुटलेले 12,000 नफ्यात. एवढीच नोंद:

संशयित येण्यांची तरतूद खाते नावे 12,000
  नफा-तोटा खात्याला 12,000

विजेचं देणं पुढच्या बिलाबरोबर संपणारच असतं, त्याची तारीख ठरलेली. तरतुदीचं तसं नाही. ज्या शंकेसाठी ती केली ती शंका मिटेपर्यंत ती राहते, दरवर्षी पुन्हा तपासायची आणि फक्त फरक लिहायचा.

दोन_अधिक_दोन
इथे मात्र वाद घालतो. 1 एप्रिलला 30,000 उलटवा, 31 मार्चला नव्याने 18,000 ची करा. निव्वळ 12,000 जमा. उत्तर तेच!

तेरीज_जुळली
वर्षअखेरीला आकडा तोच येतो, त्यात वाद नाही. पण मधले बारा महिने वह्या म्हणणार की या माणसाकडून पूर्ण 30,000 येणार आहेत. जुलैमध्ये कर्जासाठी हिशेब दाखवायचे झाले तर? आणि 31 मार्चची नवी नोंद राहिली तर बुडीत येणं गुपचूप चांगलं होऊन बसेल. नोंद राहू शकते हे याच धाग्यात वर दिसलंच आहे.

दोन_अधिक_दोन
राहिली तर, झालं तर! मी लक्षात ठेवतो. माझी पद्धत मी बदलणार नाही, पण नव्या माणसाला तुमचीच सांगेन.

साधाभोळा
तरतुदीबद्दल चाललंय म्हणून लिहितो. तरतूद करायची म्हणजे तेवढे पैसे बाजूला काढावे लागतात. बँकेत वेगळं खातं उघडून 18,000 तिथे ठेवा. नुसतं कागदावर लिहून काय उपयोग? अडचणीच्या वेळी पैसे हाताशी पाहिजेत.

तेरीज_जुळली
शब्द तोच आहे म्हणून गल्लत होते. घरात आपण लग्नाची तरतूद करतो, अंदाजपत्रकात रस्त्यांसाठी तरतूद असते, तिथे पैसे राखून ठेवणं हाच अर्थ. हिशेबातली तरतूद पैशाला हातही लावत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे येणार नाहीत, मग ते बाजूला काढणार कुठून? ती फक्त सांगते की ताळेबंदातला अमुक आकडा दिसतो तेवढा खरा नाही, किंवा अमुक एक देणं अंगावर आहे पण नक्की केवढं ते ठरायचंय. पैसे वेगळे ठेवायचे तर जरूर ठेवा, पण ती नोंद बँकेतून बँकेत. नफ्याशी तिचा संबंध नाही.

शाईचे_ठिपके
आता खरी पंचाईत. मामांनी हा धागा वाचला :) आणि म्हणाले, तरतूद अशी कागदावरच होत असेल तर मोठ्या छपाई यंत्राच्या ओव्हरहॉलची 1,00,000 ची कर. पुढच्या दिवाळीआधी काम करावंच लागणार आहे, रोलर झिजलेत, यंदा नफा आहे तर यंदाच झळ सोसू.

दुसरी गोष्ट. 14 मार्चला एक पुस्तकाचं काम दिलं, बिल 86,000. 9 एप्रिलला गिऱ्हाइकाचा ईमेल आला की सहावा फर्मा दोनदा बांधलाय आणि सातवा नाहीच. आम्ही शिल्लक प्रती उघडून बघितल्या, खरंच तसं आहे. सगळ्या प्रती तशाच. मामा म्हणतात तक्रार एप्रिलची, तेव्हा ती पुढच्या वर्षात.

तेरीज_जुळली
मामांना नमस्कार सांगा आणि सांगा की दोन्ही गोष्टी उलट्या धरल्यात.

आधी यंत्र. 31 मार्चला ओव्हरहॉलचं देणं कोणाला आहे? कोणालाच नाही. मामांनी उद्या यंत्र विकलं तर खर्च टळतो. स्वतःच्या निर्णयाने टळणारा पुढचा खर्च म्हणजे आजचं देणं नव्हे. आयएएस 37 या आंतरराष्ट्रीय मानकात अगदी असंच उदाहरण आहे, भट्टीच्या अस्तराचं. दर पाच वर्षांनी बदलावं लागतं, तीन वर्षं वापरून झालंय, तरी बदलण्याच्या खर्चाची तरतूद करायची नाही. तुमच्या फर्मला ते मानक लागू असेलच असं नाही, पण प्रश्न तोच विचारायचा: वर्षअखेरीला देणं अंगावर पडलेलं होतं का? रोलरची झीज यंदाची आहे हे खरं, पण तिचं काम घसाऱ्याने करायचं. घसारा कमी पडतोय असं वाटत असेल तर तो मुद्दा वेगळा काढा.

आता पुस्तक. चूक बांधणीत झाली, प्रती 14 मार्चला गेल्या, विक्री यंदाच्या नफ्यात आली. सदोष माल दिला त्याच दिवशी देणं जन्माला आलं. ईमेलने ते फक्त उघडकीला आणलं. हिशेबांवर अजून सह्या झालेल्या नाहीत, तेव्हा सह्यांआधी कळलेली ही गोष्ट यंदाच धरायची. हीच चूक समजा 3 एप्रिलला दिलेल्या कामात झाली असती, तर मामांचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

दोन_अधिक_दोन
बरोबर. मग 86,000 ची तरतूद करून मोकळ्या व्हा.

फर्मा_नंबर_आठ
छे हो! पुन्हा छापून द्यायचं असेल तर 86,000 कुठून लागतील? त्यात त्यांचा नफा धरलेला आहे. मी याच धंद्यातला. प्लेटा जपून ठेवल्या असतील तर तो खर्चही नाही.

शाईचे_ठिपके
प्लेटा आहेत. गिऱ्हाइकाला पैसे परत नकोत, पुस्तकं हवीत. मामांनी काढलेला हिशेब असा: कागद 27,500, शाई 4,000, नवी कव्हरं 4,000, बाहेरची बांधणी 6,500. एकूण 42,000. पाठ चिकटवलेली असल्याने जुन्या प्रती उसवून वापरता येत नाहीत.

तेरीज_जुळली
मग 42,000. पैसे परत करायचे ठरले असते तर बिलाचा आकडा लागला असता आणि ती विक्रीतली घट झाली असती. हे काम तुमच्याच हातून पुन्हा होणार, म्हणून लागणारा खर्च. कारागिरांचं काय?

शाईचे_ठिपके
दोन रविवार जादा काम, 3,000 ओव्हरटाइम. बाकी पगार चालूच असतो.

तेरीज_जुळली
ओव्हरटाइम या कामामुळेच पडतोय, तो धरा. 45,000 करा:

सदोष काम दुरुस्ती खर्च खाते नावे 45,000
  दुरुस्ती तरतूद खात्याला 45,000

पुढे कागद आणाल तेव्हा त्याचं बिल कागद खरेदीला टाकू नका, या तरतुदीला नावे टाका. शाई, कव्हरं, बांधणी, ओव्हरटाइम सगळं तिथेच. नाहीतर तोच खर्च दोन वर्षांत दोनदा येईल, पुन्हा विजेच्या बिलासारखं. काम 43,200 मध्ये उरकलं तर उरलेले 1,800 पुढच्या वर्षी नफ्यात सोडा. 48,000 लागले तर वरचे 3,000 पुढच्या वर्षीचा खर्च.

फर्मा_नंबर_आठ
पगाराबद्दल माझं मत वेगळं आहे. त्या दोन दिवसांत यंत्र आणि माणूस दुसरं बिलाचं काम करू शकले असते. नेहमीच्या पगाराचा वाटाही धरायला हवा.

तेरीज_जुळली
दुसरं काम हुकलं हा तोटा आहे, पण तो हिशेबात येत नाही. पगाराचा वाटा धरावा की नाही यावर जाणत्यांतही दोन तट आहेत. मी छोट्या फर्ममध्ये धरत नाही, कारण पगार तसाही पुढच्या वर्षी पगार खात्यातूनच जाणार आणि तिथून तो तरतुदीकडे वळवायला हमखास विसरतात. धरायचा असेल तर दरवर्षी धरा, एवढंच म्हणेन.

शाईचे_ठिपके
मी ओव्हरटाइमपर्यंतच थांबते. म्हणजे 4,14,480 मध्ये 12,000 सुटले, 45,000 गेले. नफा 3,81,480. मामांनी आकडा ऐकून चष्मा काढून पुसला.

31 मार्चच्या आजच्या नोंदींपैकी विमा आणि वीज या दोन 1 एप्रिलला उलटवायच्या, दोन्ही तरतुदींना हात लावायचा नाही. बरोबर ना?

तेरीज_जुळली
बरोबर. त्या दोन उलट नोंदी आजच पुढच्या वर्षाच्या वहीत घालून टाका, उद्यावर ठेवू नका.

शाईचे_ठिपके
घातल्या. 32,100 आणि 17,600. आणि काका, एक सांगायचं राहिलं. गिऱ्हाइक काल फोनवर म्हणाले की पुस्तकं वेळेवर नसल्याने त्यांचा प्रकाशनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, हॉलचे पैसे बुडाले, ते तुम्ही भरा. आकडा सांगितला नाही. मामा म्हणतात एक पैसा देणार नाही.

दोन_अधिक_दोन
पन्नास हजार धरून ठेवा, सुरक्षित राहाल.

तेरीज_जुळली
पन्नास कुठून आले? हवेतून आलेला आकडा वहीत लिहायचा नाही. काम घेताना काही लेखी ठरलं होतं का, उशीर झाला तर भरपाई वगैरे? ते वाक्य असेल तर गोष्ट वेगळी. नसेल आणि देण्याची शक्यता कमी असेल, तर नोंद न करता हिशेबाच्या टिपांत दोन ओळी. ऑर्डरचा कागद शोधा आणि तारखा बघा.

शाईचे_ठिपके
ऑर्डर आधीच्या काकांच्या फायलीत असणार. त्या फायलींवर नाव एक आणि आत भलतंच. सापडली की लिहिते.